जागा वाढवली आणि खोळंबा वाढला: पान बदलण्याच्या दोन रीती

मागच्या व्याख्यानात आपण व्हर्च्युअल मेमरीची कल्पना पाहिली होती. आज त्याच धाग्याचं पुढचं टोक हातात घेऊ. मेमरी भरली आहे, नवीन पान आत आणायचं आहे, तर आतलं कोणतं पान बाहेर काढायचं? प्रश्न एवढाच. पण १९६०च्या दशकात या प्रश्नाने चांगल्या चांगल्या माणसांना चकवलं, आणि त्यातून एक असं उत्तर निघालं की आजही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. मेमरी वाढवली तर काम जास्त अडखळू शकतं, हे ते उत्तर. आज ते आपण फळ्यावर, आकड्यांनिशी, स्वतः करून बघणार आहोत.

सुरुवात मँचेस्टरपासून करू. तिथल्या विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीबरोबर अ‍ॅटलस नावाचा संगणक बांधला. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. या यंत्रात वेगवान कोअर मेमरी होती १६,३८४ शब्दांची, आणि जोडीला फिरत्या चुंबकी ड्रमवर आणखी सुमारे ९८ हजार शब्दांची जागा. कोअर महाग आणि चटपटीत, ड्रम स्वस्त आणि संथ. त्याआधीच्या यंत्रांवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे, की आता ड्रमवरचा हा तुकडा आत आण, तो तुकडा बाहेर टाक. अर्धी बुद्धी त्यातच खर्च व्हायची. किलबर्न मंडळींनी ठरवलं की ही हमाली यंत्रानेच करावी, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळी मिळून एकच सलग मेमरी आहे असं वाटावं.

त्यासाठी त्यांनी मेमरीचे ५१२ शब्दांचे सारखे तुकडे पाडले. अशा तुकड्याला पेज म्हणतात, आपण सरळ पान म्हणू. १६,३८४ भागिले ५१२ म्हणजे ३२. कोअरमध्ये एका वेळी ३२ पानं मावत. पान ठेवायच्या त्या एकेका जागेला आपण फ्रेम म्हणू. प्रोग्रॅमने एखादा पत्ता मागितला की यंत्र बघणार, या पत्त्याचं पान ३२ फ्रेमपैकी कुठे आहे का. असेल तर काम चालू. नसेल तर प्रोग्रॅम थांबवायचा, ड्रमवरून ते पान आणायचं, आणि थांबलेली सूचना पुन्हा चालवायची. या थांबण्याला आज आपण पेज फॉल्ट म्हणतो. फॉल्ट हा शब्द ऐकून कुणाची तरी चूक झाली असं वाटतं, तसं काही नाही. मागितलेलं पान आत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता हा फॉल्ट किती महाग, ते बघा. अ‍ॅटलसचा ड्रम एका फेरीला १२ मिलिसेकंद घ्यायचा. हवं ते पान ड्रमच्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ६ मिलिसेकंद. कोअरचं एक आवर्तन साधारण २ मायक्रोसेकंदांचं. म्हणजे एका फॉल्टपायी नुसत्या वाट बघण्यात मेमरीची तीन हजार आवर्तनं गेली. पान आणण्याचा वेळ वेगळाच. शिवाय बाहेर जाणाऱ्या पानावर मधल्या काळात काही लिहिलं गेलं असेल, तर ते आधी ड्रमवर परत उतरवावं लागणार. म्हणून कोणतं पान काढायचं हा निर्णय चुकला, की तेच पान दोन क्षणांत परत मागितलं जातं आणि पुन्हा तीन हजार आवर्तनं पाण्यात.

गंमत अशी की अ‍ॅटलसने या निर्णयासाठी अगदी पहिल्याच फटक्यात बरीच गुंतागुंतीची रीत वापरली. प्रत्येक फ्रेमला एक बिट जोडलेला होता. त्या पानाला कुणी हात लावला की तो बिट १ व्हायचा. दर १०२४ सूचनांनंतर सगळे बिट वाचून पुसले जात. त्यावरून दोन गोष्टी काढत: हे पान सध्या किती वेळ पडून आहे, आणि मागच्या खेपेला वापरात येण्याआधी किती वेळ पडून होतं. मागच्यापेक्षा जास्त वेळ पडून असेल तर याचं काम संपलं असावं, काढा बाहेर. असं एकही नसेल तर जे सगळ्यांत उशिरा लागेल असं वाटतं ते काढा. याला ते लर्निंग प्रोग्रॅम म्हणत. प्रोग्रॅममधल्या फेऱ्या, म्हणजे लूप, ओळखाव्यात हा त्यामागचा हेतू होता. पुढे आपल्याला याची आठवण होणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

म्हणजे इतिहास इथे साध्याकडून अवघडाकडे गेलेला नाही, उलटा गेलेला आहे. आधी चतुर रीत आली. मग लोकांनी विचारलं, अहो, एवढी चतुराई लागते तरी का?

हा प्रश्न नीट मोजमाप करून विचारला तो लास्झलो बेलाडी यांनी. मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करत. १९६६ साली आयबीएम सिस्टिम्स जर्नलमध्ये त्यांचा या विषयावरचा लांबलचक अभ्यास छापून आला. खऱ्या प्रोग्रॅमनी कोणती पानं कोणत्या क्रमाने मागितली याच्या नोंदी घ्यायच्या, आणि त्याच नोंदींवर वेगवेगळ्या रीती चालवून कोणती किती वेळा अडखळते ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. आज आपण फळ्यावर जे करणार आहोत ते तेच, फक्त लहान प्रमाणावर.

दोन रीती घेऊ. पहिली फिफो: जो आधी आला तो आधी जाणार. दुसरी एलआरयू: ज्याला सगळ्यांत जास्त वेळ कुणी हात लावलेला नाही तो जाणार. स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर तीनच डबे मावतात, बाकीचे माळ्यावर. फिफोवाली गृहिणी काय करेल? ओट्यावर सगळ्यांत आधी आलेला डबा माळ्यावर टाकेल. तो मिठाचा डबा असला आणि दर दोन मिनिटांनी लागत असला, तरी. एलआरयूवाली बघेल, कोणत्या डब्याला बराच वेळ हात लागलेला नाही, आणि तो चढवेल. दुसरी शहाणी वाटते ना? वाटतेच. पण आपण मोजू.

ही उजळणीसाठीची माळ पाठ्यपुस्तकांतून सर्रास दिली जाते. पाच पानं आहेत, बारा मागण्या आहेत:

१, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५

सुरुवातीला मेमरी रिकामी. आधी फिफो, तीन फ्रेमवर. १, २, ३ मागितली, तीन फॉल्ट, तीन फ्रेम भरल्या. ४ मागितलं, १ सगळ्यांत जुनं, ते गेलं. लगेच १ मागितलं! आता २ जुनं, ते गेलं. लगेच २ मागितलं, ३ गेलं. असं चालू राहतं. हीच माळ चार फ्रेमवरही चालवू आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडू. प्रत्येक खान्यात डावीकडे सगळ्यांत जुनं पान आहे, उजवीकडे सगळ्यांत नवं. जिथे फॉल्ट झाला तिथे फुली.

| मागणी | फिफो, तीन फ्रेम | फिफो, चार फ्रेम |
|---|---|---|
| १ | १ ✗ | १ ✗ |
| २ | १ २ ✗ | १ २ ✗ |
| ३ | १ २ ३ ✗ | १ २ ३ ✗ |
| ४ | २ ३ ४ ✗ | १ २ ३ ४ ✗ |
| १ | ३ ४ १ ✗ | १ २ ३ ४ |
| २ | ४ १ २ ✗ | १ २ ३ ४ |
| ५ | १ २ ५ ✗ | २ ३ ४ ५ ✗ |
| १ | १ २ ५ | ३ ४ ५ १ ✗ |
| २ | १ २ ५ | ४ ५ १ २ ✗ |
| ३ | २ ५ ३ ✗ | ५ १ २ ३ ✗ |
| ४ | ५ ३ ४ ✗ | १ २ ३ ४ ✗ |
| ५ | ५ ३ ४ | २ ३ ४ ५ ✗ |

फुल्या मोजा. तीन फ्रेमला ९. चार फ्रेमला १०.

इथे वर्गात नेहमी एक हात वर होतो, की सर, कुठेतरी चुकलं. चुकलेलं नाही, पुन्हा मोजा. मात्र एक खबरदारी सांगतो, कारण परीक्षेत निम्मे गुण इथेच जातात. पान आत सापडलं, तर फिफोच्या रांगेत काहीही हलवायचं नाही. तक्त्यात आठवी ओळ बघा. तीन फ्रेमच्या खान्यात १ मागितलं, ते सापडलं, रांग जशीच्या तशी राहिली: १ २ ५. इथे जर तुम्ही १ उचलून शेवटाला नेलं, तर तुम्ही फिफो करत नाही आहात, नकळत एलआरयू करत आहात, आणि उत्तर बिघडणार.

आता नेमकी गडबड कुठे झाली? सातव्या मागणीवर थांबा, म्हणजे ५ आल्यावर. तीन फ्रेमच्या मेमरीत आहे १, २, ५. चार फ्रेमच्या मेमरीत आहे २, ३, ४, ५. मोठ्या मेमरीत १ नाही! लहान मेमरीत आहे. आणि पुढची मागणी आहे १ची. लहान मेमरी हसत हसत पुढे गेली, मोठी अडखळली.

असं का झालं, तर चार फ्रेमच्या मेमरीत पाचव्या आणि सहाव्या मागणीला १ आणि २ आत सापडले. सापडले म्हणून ते नव्याने आत आले नाहीत, आणि नव्याने आले नाहीत म्हणून रांगेत जुनेच राहिले. तीन फ्रेमच्या मेमरीत मात्र १ आणि २ आधी बाहेर गेले होते, ते धडपडत परत आले, आणि परत आल्यामुळे रांगेच्या शेवटी, सुरक्षित जागी बसले. मोठ्या मेमरीला तिच्या यशाचीच शिक्षा झाली म्हणायची. पुढे तर बघा, ५ नंतरची प्रत्येक मागणी ही मागच्याच पावलाला बाहेर काढलेल्या पानाची आहे. १ काढलं, १ मागितलं. २ काढलं, २ मागितलं. ३, ४, ५, तसंच. एकदा घडी विस्कटली ती शेवटपर्यंत.

हा प्रकार १९६९ साली बेलाडी, नेल्सन आणि शेडलर या तिघांनी कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकात मांडला, आणि तेव्हापासून त्याला बेलाडीची विसंगती म्हणतात. त्या काळी याला किती महत्त्व असेल, कल्पना करा. कोअर मेमरी जपून विकत घेतली जात होती. यंत्र अडखळतंय तर मेमरी वाढवा, हा प्रत्येक संगणक केंद्राचा साधा हिशोब होता. आणि हे तिघं दाखवून देत होते, की रीत फिफो असेल तर त्या हिशोबाला आधार नाही. बहुतेक वेळा मेमरी वाढवल्याने फायदाच होईल, पण होईलच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्यांनी असाही अंदाज बांधला होता, की नुकसान झालं तरी ते दुपटीच्या आत राहील. म्हणजे मोठ्या मेमरीतले फॉल्ट लहान मेमरीतल्या फॉल्टच्या दुपटीपर्यंत पोचतील, पुढे नाही. हा अंदाज बरीच वर्षं तसाच राहिला. २०१० मध्ये फोरनाय आणि इवान्यी या दोघांनी सिद्ध केलं की अशी कोणतीच मर्यादा नाही. दुप्पटच काय, वाट्टेल तितक्या पटीने वाईट होईल अशी माळ रचता येते. अर्थात ती मुद्दाम रचलेली माळ, एखाद्या प्रोग्रॅममध्ये सहज भेटणारी नव्हे.

बरं, आता एलआरयूकडे येऊ. तीच माळ, तीन फ्रेम. यावेळी डावीकडे सगळ्यांत जास्त वेळ न वापरलेलं पान ठेवू, आणि पान सापडलं की त्याला उचलून उजव्या टोकाला नेऊ. पहिल्या सात मागण्यांपर्यंत फिफोसारखंच घडतं, सातही फॉल्ट, आणि आत १, २, ५. मग १ सापडतं, रांग होते २ ५ १. मग २ सापडतं, रांग ५ १ २. आता ३ मागितलं. सगळ्यांत जास्त वेळ न वापरलेलं ५, ते गेलं. मग ४ साठी १ गेलं. मग ५ मागितलं, ते तर आपण आत्ताच काढलं होतं, पुन्हा फॉल्ट. एकूण १०.

म्हणजे तीन फ्रेमवर फिफो ९ आणि एलआरयू १०. शहाणी गृहिणी हरली! हे आम्ही मुद्दाम लपवत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी ही माळ फक्त फिफोची फजिती दाखवायला वापरतात आणि पुढे जातात. एलआरयूचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: नुकतं वापरलेलं लवकरच पुन्हा लागेल. इथे १ आणि २ नुकतेच वापरले गेले होते म्हणून एलआरयूने त्यांना जपलं, आणि ५ला घालवलं. पण या माळेत १ आणि २ पुन्हा कधीच लागणार नव्हते, ५ लागणार होतं. गृहीत फसलं, एक फॉल्ट वाढला. कोणतीही रीत प्रत्येक माळेवर जिंकत नाही. भविष्य आधीच माहीत असेल तर सगळ्यांत उत्तम काय करता येईल, तेही बेलाडींनी १९६६च्याच अभ्यासात दाखवलं होतं: जे पान सगळ्यांत उशिरा लागणार ते काढा. तसं केलं तर या माळेवर तीन फ्रेममध्ये ७ फॉल्ट होतात. पण भविष्य कोणत्या यंत्राला ठाऊक असतं? ती फक्त मोजपट्टी.

आता एलआरयूला चार फ्रेम देऊ. पहिले चार फॉल्ट. १ आणि २ सापडतात, आणि सापडल्याबरोबर शेवटाला जातात: ३ ४ १ २. इथेच फिफोशी फारकत झाली. ५ आलं, तर ३ गेलं, आत ४ १ २ ५. १ सापडलं, २ सापडलं. मग ३, ४ आणि ५ या तिघांना फॉल्ट. एकूण ८. तीन फ्रेमला १०, चारला ८. जागा वाढली, खोळंबा कमी झाला.

हा योगायोग आहे का? नाही, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. स्वतःलाच विचारा, एलआरयूच्या तीन फ्रेममध्ये कोणत्याही क्षणी काय असतं? सगळ्यांत अलीकडे वापरलेली तीन वेगवेगळी पानं. चार फ्रेममध्ये काय असतं? सगळ्यांत अलीकडे वापरलेली चार पानं. आता सांगा, अलीकडच्या चारांत अलीकडची तीन असणारच ना? असणारच. म्हणजे लहान मेमरीत जे आहे ते मोठ्या मेमरीत प्रत्येक क्षणी असतंच. लहानीत सापडलेलं पान मोठीत सापडलंच पाहिजे. मग मोठीत जास्त फॉल्ट होण्याची शक्यताच उरत नाही. कोणतीही माळ घ्या, कितीही वाकडी. फिफोत हे का जमत नाही? कारण कोण कधी आत आलं हा क्रम मेमरीच्या आकारावर अवलंबून आहे. आपण सातव्या मागणीला ते डोळ्यांनी पाहिलं. कोणी कोणाला कधी वापरलं हा क्रम मात्र फक्त प्रोग्रॅमवर अवलंबून आहे, मेमरी लहान असो की मोठी.

यातून तुमचं गणित तपासायची एक सोपी युक्तीही मिळते. एलआरयू करताना चार फ्रेमचे फॉल्ट तीनपेक्षा जास्त आले, तर खुशाल समजा की कुठेतरी घसरलात. फिफोत तसं आलं तर घाबरू नका, पुन्हा एकदा मोजा म्हणजे झालं.

हा सामावून घेण्याचा गुण नीट ओळखला आणि कामाला लावला तो १९७० साली, आयबीएमच्याच मॅटसन, गेक्सेई, स्लुट्झ आणि ट्रायगर यांनी. त्यांनी म्हटलं, जर प्रत्येक मोठी मेमरी लहान मेमरीला पोटात घेते, तर प्रत्येक आकारासाठी पुन्हा पुन्हा माळ चालवायची कशाला? एकदाच चालवू. पानांची एक चळत करा, वापरलेलं पान दर वेळी वर ठेवा, आणि प्रत्येक मागणीला लिहून ठेवा की ते पान चळतीत वरून कितवं होतं.

आपल्याच माळेवर करू. पहिली चार पानं चळतीत नव्हतीच. मग १ मागितलं, ते वरून चौथं. २ सुद्धा चौथं. ५ चळतीत नव्हतं. मग १ तिसरं, २ तिसरं. मग ३, ४, ५, तिन्ही पाचवी. झालं, एवढ्यावर सगळी उत्तरं आहेत. तीन फ्रेम असतील तर तिसऱ्या जागेपर्यंतची सापडतील: दोन. बारातून दोन गेले, दहा फॉल्ट. चार फ्रेम असतील तर चौथ्या जागेवरचीही दोन सापडतील, म्हणजे एकूण चार, आठ फॉल्ट. पाच फ्रेम असतील तर सातही सापडतील आणि फक्त पाच फॉल्ट, पहिल्या खेपेचे, जे कुणालाच चुकत नाहीत. मेमरी विकत घेण्याआधीच, एका फेरीत, किती घेतल्यावर किती फरक पडेल याचा पूर्ण आलेख हातात. फिफोवर ही युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक आकार वेगळा चालवून बघावा लागतो.

मग सगळ्यांनी एलआरयूच का घेतली नाही? कारण खरी एलआरयू फार महाग पडते. फिफोला काम पडतं ते फक्त फॉल्ट झाला की. एलआरयूला प्रत्येक वेळी, मेमरीला प्रत्येक स्पर्श झाला की, क्रम बदलावा लागतो. सेकंदाला लाखो वेळा. हे सॉफ्टवेअरने करायला गेलो तर प्रोग्रॅमचं काम राहील बाजूला, आणि हार्डवेअरने करायचं तर शेकडो फ्रेमसाठी ते यंत्रणेला झेपत नाही.

यातून वाट काढली फर्नांडो कोर्बातो यांनी, एमआयटीत, मल्टिक्स या प्रणालीवर काम करताना. १९६८च्या त्यांच्या प्रयोगाची कल्पना मोठी सुरेख आहे. फ्रेम गोलाकार मांडल्या आहेत आणि मध्ये घड्याळाचा काटा आहे असं समजा. प्रत्येक फ्रेमला, अ‍ॅटलससारखाच, एक वापर-बिट. पान काढायची वेळ आली की काटा ज्या फ्रेमवर आहे तिचा बिट बघायचा. १ असेल तर तो ० करायचा आणि काटा पुढे सरकवायचा, म्हणजे पानाला एक संधी दिली. ० असेल तर ते पान गेलं. बिट वापरलाच नाही तर ही सरळ फिफो होते. एकाऐवजी मागच्या अनेक फेऱ्यांचे बिट साठवत गेलात, तर ती एलआरयूच्या जवळ जवळ सरकते. म्हणजे आपण आज ज्या दोन रीतींची कुस्ती लावली, त्या एकाच रस्त्याची दोन टोकं निघाली. आणि कोर्बातोंना आढळलं की एका बिटावरसुद्धा काम चांगलं भागतं.

काही यंत्रांत तो एक बिटही नव्हता. डिजिटल इक्विपमेंटच्या व्हॅक्स संगणकात, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, वापर-बिट ठेवलेलाच नव्हता. तिथल्या व्हीएमएस प्रणालीने फिफोच घेतली, पण बाहेर काढलेलं पान लगेच पुसलं नाही. ते मोकळ्या फ्रेमच्या यादीच्या शेवटी ठेवलं. तेवढ्यात कुणी ते मागितलं, तर डिस्कला न जाता यादीतूनच परत दिलं. आपल्या तक्त्यातली ती शेवटची केविलवाणी ओढाताण आठवा, काढलेलंच पान पुढच्या क्षणी मागणारी. अशा यादीने ती जवळपास फुकटात भागली असती. त्याच व्हॅक्सवर बर्कलीच्या युनिक्स मंडळींनी वेगळी शक्कल लढवली. पान आत असतानाही ते नाही असं मुद्दाम नोंदवायचं, म्हणजे पुढच्या स्पर्शाला फॉल्ट होतो आणि पान वापरात आहे हे कळतं. बिट नाही, तर फॉल्टकडूनच बातमी काढायची.

आता अ‍ॅटलसची आठवण. चार पानांची फेरी घ्या, १, २, ३, ४, पुन्हा १, २, ३, ४, अशी, आणि फ्रेम द्या तीन. फिफो प्रत्येक मागणीला अडखळेल. एलआरयूसुद्धा प्रत्येक मागणीला अडखळेल, कारण ज्याला सगळ्यांत जास्त वेळ हात लागलेला नाही नेमकं तेच पुढे लागणार आहे. इथे दोघींत काडीचा फरक नाही. एकदा भरल्यावर एखादं पान हटवून बाकीची दोन तशीच धरून ठेवणारी रीत इथे बरी. किलबर्न मंडळींच्या लर्निंग प्रोग्रॅमचा डोळा याच फेऱ्यांवर होता. मोठ्या तक्त्यावरून पुन्हा पुन्हा फिरणारा तुमचा एखादा प्रोग्रॅम थोडासा डेटा वाढल्यावर अचानक कित्येक पट संथ झाला, तर पहिला संशय याचा घ्या. फ्रेम तीनच्या चार झाल्या की तोच प्रोग्रॅम पहिल्या चार फॉल्टनंतर एकदाही अडखळत नाही.

आणि एक शंका मघापासून तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. घड्याळाची रीत एलआरयूची नक्कल करते, मग तिला सामावून घेण्याची हमी मिळते का? नाही मिळत. सगळ्या पानांचे बिट १ असतील तर काटा एक पूर्ण फेरी मारून सगळे पुसतो आणि जिथून निघाला तिथलंच पान काढतो, म्हणजे सगळ्यांत जुनं. त्या क्षणी ती निव्वळ फिफो असते, आणि बेलाडीची विसंगती तिच्यातही घडू शकते.

आज इथे थांबू. दोन फ्रेम दिल्या तर आपल्याच माळेवर दोन्ही रीतींचे किती फॉल्ट होतात ते घरी काढून बघा. पुढच्या वेळी पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये विचारलेला प्रश्न घेऊ: कोणतं पान काढायचं हे बाजूला ठेवा, मुळात एका प्रोग्रॅमला एका वेळी किती फ्रेम द्यायच्या?